व्याजदर वाढल्यावर बाँडचा भाव का पडतो आणि नेमका किती पडतो: हिशोब पायरीपायरीने

‘व्याजदर वर गेले की बाँडचे भाव खाली येतात’ हे वाक्य बहुतेकांना पाठ असतं. घोळ त्याच्या पुढे होतो. दर दोन टक्क्यांनी वाढला म्हणून कुणी भावातून दोन टक्के वजा करतं. कुणी आपल्या बाँडचं व्याज कधी वाढतंय याची वाट बघतं. कुणी स्टेटमेंटमधला घटलेला आकडा बघून पैसे बुडाले असं समजून विकून मोकळं होतं. नियम तिघांनाही ठाऊक असतो, पण त्यामागचा हिशोब हाताने कधी केलेला नसतो. सी-सॉचं चित्र दाखवून हा नियम शिकवतात ते मला यासाठीच पटत नाही. एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं एवढंच त्यातून कळतं. का येतं आणि किती येतं, त्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

इथे एकच बाँड घेऊ आणि त्याचा भाव शेवटपर्यंत मोजू. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका. तिसरी पायरी आधी आणि दुसरी नंतर केली तर उत्तर कदाचित बरोबर येईल, पण ते का आलं हे कळणार नाही.

## तयारी: चार आकडे लिहून घ्या

बाँड म्हणजे कर्जाचा कागद. पैसे देणारा तुम्ही, घेणारं सरकार किंवा कंपनी. त्या कागदावरचे तीन आकडे ठरलेले असतात आणि चौथा बाजारातून आणावा लागतो.

1. दर्शनी किंमत. मुदत संपल्यावर परत मिळणारी रक्कम. चलन कोणतंही असलं तरी बाँडचा भाव सहसा शंभराला सांगतात, म्हणून आपण १०० धरू.
2. कूपन. दरवर्षी मिळणारं ठरलेलं व्याज. आपल्या बाँडचं कूपन ६ टक्के, म्हणजे वर्षाला ६.
3. उरलेली मुदत. बाँड मुळात किती वर्षांचा होता हे इथे बिनकामाचं आहे. आजपासून किती वर्षं उरली ते लिहा. आपण ५ धरू.
4. बाजाराचा आजचा दर. तेवढीच मुदत उरलेल्या आणि तितक्याच विश्वासार्ह कर्जदाराच्या बाँडवर आज जो परतावा मिळतो तो दर. यालाच यील्ड म्हणतात. आपल्या उदाहरणात तो ६ वरून ८ टक्क्यांवर गेला आहे.

सावधान: सगळ्यात जास्त चुका चौथ्या आकड्यात होतात. बातमीत येतो तो मध्यवर्ती बँकेचा धोरण दर, आणि तो अगदी अल्पमुदतीच्या पैशाचा असतो. पाच वर्षांच्या बाँडसाठी पाच वर्षांचं यील्ड लागतं. हे दोन दर एकाच वेळी, एकाच प्रमाणात हलतातच असं नाही. दरवाढ होणार हे बाजाराला आधीच दिसत असेल, तर भाव घोषणेच्या कितीतरी आधी पडलेले असतात. मग प्रत्यक्ष घोषणेच्या दिवशी काहीच होत नाही, क्वचित भाव वरही जातात, आणि लोक म्हणतात की नियम खोटा ठरला. नियम खोटा ठरलेला नसतो. दर चुकीचा घेतलेला असतो.

तपासणी: चार आकड्यांपैकी दरवाढीने बदललेला आकडा किती? एकच, चौथा. कूपन, दर्शनी किंमत आणि मुदतपूर्तीची तारीख जिथल्या तिथे आहेत. (फ्लोटिंग रेट बाँडचं कूपन ठरावीक काळाने बदलतं, म्हणून पुढचा हिशोब त्यांना लागू नाही.)

## पायरी १: करारात अडकलेलं घर

एका इमारतीत, एकाच मजल्यावर, अगदी सारखी दोन घरं आहेत. रिकाम्या घराची किंमत १०० आहे. पहिलं घर मालकाने वर्षाला ६ भाड्याने दिलं आणि पाच वर्षांचा पक्का करार केला. त्यात दोन अटी आहेत: मधे भाडं वाढवता येणार नाही, आणि घर विकलं तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहील.

करारावरची शाई वाळते न वाळते तोच भाडी वाढली. शेजारच्या घराला आता वर्षाला ८ भाडं मिळतंय. रिकाम्या घराची किंमत मात्र अजून १०० च आहे असं धरून चला. अशात पहिल्या घराच्या मालकाला पैशाची नड लागली आणि त्याने घर विकायला काढलं.

तुम्ही गिऱ्हाईक आहात. शंभर मोजून शेजारचं घर घेतलं तर वर्षाला ८ मिळतील. हे घर घेतलं तर पाच वर्षं ६ वरच थांबावं लागेल. मग याला तुम्ही १०० द्याल का? अर्थातच नाही. आणि हे घर पडकं आहे म्हणून नाही, भाडेकरू भाडं बुडवतो म्हणूनही नाही. घराला कसलीही खोट नसताना तुम्ही भाव पाडून मागता, कारण शेजारी त्याच पैशात जास्त मिळतंय.

मालक काय करू शकतो? भाडं वाढवणं त्याच्या हातात नाही आणि करार मोडणंही नाही. हलवता येण्यासारखी एकच गोष्ट त्याच्याकडे उरते, ती म्हणजे विक्रीची किंमत. मूळ मुद्दा एवढाच आहे. बाँडचं कूपन जागचं हलत नाही, म्हणून नव्या दराशी जुळवून घेण्याचा सगळा भार भावावर येतो.

आता घराच्या जागी बाँड ठेवा. भाडं म्हणजे कूपन, कराराची उरलेली वर्षं म्हणजे उरलेली मुदत, शेजारचं घर म्हणजे आज बाजारात आलेला नवा बाँड. करार संपल्यावर घर मोकळं होतं आणि पुन्हा १०० चं होतं. तसंच मुदत संपल्यावर बाँडचे १०० परत मिळतात.

सावधान: हे उदाहरण एका ठिकाणी तुटतं, आणि ते आत्ताच सांगितलेलं बरं. खऱ्या जगात भाडी वाढली की घरांच्या किमतीही बहुधा वाढतात, आणि पाच वर्षांनी घर कितीला जाईल हे कुणी लिहून देत नाही. बाँडचे शेवटचे १०० कागदावर लिहिलेले असतात. म्हणून ‘रिकाम्या घराची किंमत १०० च राहते’ हे गृहीतक घराच्या बाबतीत ओढूनताणून आणलेलं आहे, बाँडच्या बाबतीत मात्र तीच वस्तुस्थिती आहे. कर्जदाराने पैसे बुडवले नाहीत तर, एवढीच अट.

## पायरी २: दर वर्षाची तूट लिहा

‘हा बाँड कितीचा?’ असा प्रश्न इथे विचारू नका. ‘शेजारच्यापेक्षा मला दर वर्षी किती कमी मिळणार?’ असं विचारा.

नवा बाँड वर्षाला ८ देतो, आपला ६. तूट वर्षाला २. हे पाच वर्षं चालणार. शेवटी दोन्हीकडे १०० परत मिळतात, म्हणून तिथे तूट नाही. पाच वर्षांची एकूण तूट १०.

म्हणजे भाव ९० झाला का? नाही, पण उत्तराच्या जवळ आपण आलो आहोत. आणि दर २ टक्क्यांनी वाढला तर भावही २ टक्क्यांनीच का पडत नाही, हे इथेच दिसतं. ते २ एकदाच जात नाहीत, दर वर्षी जातात. एका वर्षाची तूट म्हणजे पूर्ण नुकसान असं समजणं ही या विषयातली सगळ्यात सामान्य चूक आहे.

तपासणी: तूट म्हणजे नवा दर उणे तुमचं कूपन. बाँड घेताना मिळालेल्या परताव्याशी तिचा संबंध नाही. तुम्ही बाँड १०३ ला घेतला असेल किंवा ९७ ला, बाजाराला त्याच्याशी देणंघेणं नाही.

## पायरी ३: तूट आजच्या पैशात आणा

आता ९० का नाही ते बघू. घर विकत घेणारा तुम्हाला सूट आज, एकरकमी मागतो. त्याची तूट मात्र आज होत नाही. पहिले २ एका वर्षाने कमी मिळणार, दुसरे दोन वर्षांनी, शेवटचे पाच वर्षांनी. पाच वर्षांनंतरच्या २ ची भरपाई आजच पूर्ण २ देऊन केली, तर तो ते पैसे मधल्या काळात ८ टक्क्यांनी वाढवेल आणि फायद्यात राहील.

मग आज किती दिले म्हणजे हिशोब चुकता होईल? जी रक्कम ८ टक्क्यांनी वाढत जाऊन त्या त्या वर्षी बरोबर २ होईल, तेवढी. एका वर्षानंतरच्या २ साठी २ ला १.०८ ने भागायचं. दोन वर्षांनंतरच्या २ साठी दोनदा भागायचं, आणि असंच पाचपर्यंत.

| कधीची तूट | भागाकार | आजची किंमत |
|---|---|---|
| १ वर्षानंतर | २ ÷ १.०८ | १.८५ |
| २ वर्षांनंतर | २ ÷ १.१६६४ | १.७१ |
| ३ वर्षांनंतर | २ ÷ १.२५९७ | १.५९ |
| ४ वर्षांनंतर | २ ÷ १.३६०५ | १.४७ |
| ५ वर्षांनंतर | २ ÷ १.४६९३ | १.३६ |

बेरीज ७.९८ येते. दशांश न तोडता केली तर ७.९९. एवढी सूट दिली की गिऱ्हाईकाला शेजारचं घर आणि हे घर सारखंच. म्हणून बाँडचा भाव:

१०० − ७.९९ = ९२.०१

सावधान: इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, जुन्या दराने भागणे. १.०८ ऐवजी १.०६ वापरलं की सूट ८.४२ येते आणि भाव ९१.५८ दिसतो. बाजारात आज पैसा ८ ने वाढतो, ६ ने नाही. तेव्हा भागायचं ते नव्या दरानेच.

दुसरी, सूट भलत्याच आकड्यातून वजा करणे. ती दर्शनी किंमत १०० मधून वजा होते, तुमच्या खरेदीभावातून नाही. १०३ ला घेतलेल्याने १०३ मधून ७.९९ वजा करून ९५.०१ काढलं तर ते चूक. त्याच्याही बाँडचा भाव ९२.०१ च. त्याचं नुकसान जास्त झालं, एवढाच फरक.

## पायरी ४: उलट बाजूने पडताळा

पुस्तकात सहसा दुसरी पद्धत दिलेली असते: बाँडकडून येणारी प्रत्येक रक्कम आजच्या पैशात आणायची आणि बेरीज करायची. पहिल्या चार वर्षांचे सहा-सहा आज ५.५६, ५.१४, ४.७६ आणि ४.४१ होतात. पाचव्या वर्षी ६ आणि १०० एकत्र, म्हणजे १०६ येतात. त्यांचे आज ७२.१४ होतात. बेरीज ९२.०१. उत्तर तेच.

दोन्ही पद्धती एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. तरी मी आधी तुटीची पद्धत दाखवतो, कारण तिच्यात भाव पडण्याचं कारण डोळ्यांसमोर राहतं. दुसरीत ते भागाकारांच्या मागे लपतं.

स्प्रेडशीटमध्ये तपासायचं असेल तर हे सूत्र टाका:

```
=-PV(8%,5,6,100)
```

कंसातले आकडे क्रमाने बाजाराचा दर, उरलेली वर्षं, कूपन आणि दर्शनी किंमत. पुढचं उणे चिन्ह विसरलात तर उत्तर ऋण दिसेल. उत्तर साधारण ९२.०१ यायला हवं.

तपासणी: याच सूत्रात ८ ऐवजी ६ टाका. उत्तर बरोबर १०० आलं पाहिजे, कारण बाजाराचा दर आणि कूपन सारखे असले की तूट शून्य. १०० आलं नाही तर आकड्यांचा क्रम चुकलाय.

कूपन सहामाही असेल तर तिन्ही आकडे सहामाहीचे करा: दर ४ टक्के, हप्ते १०, कूपन ३. उत्तर ९१.८९ येईल. एक आकडा सहामाही आणि बाकीचे वार्षिक ठेवले तर भलताच भाव दिसतो.

## पायरी ५: मुदत बदलून बघा

आता बाकी सगळं तसंच ठेवून फक्त उरलेली वर्षं बदला. करार एकच वर्षाचा उरला असेल तर गिऱ्हाईक फारशी कुरकूर करणार नाही, वर्षभर थांबलं की घर मोकळंच आहे. करार तीस वर्षांचा असेल तर तो चांगलाच भाव पाडेल.

| उरलेली मुदत | दर ६ वरून ८ झाल्यावर भाव |
|---|---|
| १ वर्ष | ९८.१५ |
| ५ वर्षं | ९२.०१ |
| १० वर्षं | ८६.५८ |
| ३० वर्षं | ७७.४८ |

दरवाढ तीच, कूपन तेच, कर्जदार तोच. एकाचे पावणेदोनच्या आसपास गेले, दुसऱ्याचे साडेबावीस. मुदत सहापट झाली म्हणून नुकसान सहापट होत नाही हेही बघा. पाच वर्षांना ७.९९ आणि तीस वर्षांना २२.५२, म्हणजे तिपटीपेक्षाही कमी. दूरच्या वर्षांची तूट आजच्या पैशात फार लहान होते, म्हणून असं घडतं. मुदत कधीच संपणार नाही असा बाँड घेतला तरी सूट २५ वर थांबेल आणि भाव ७५ राहील.

कूपन कमी असेल तर फटका टक्केवारीत वाढतो. कूपनच नसलेला पाच वर्षांचा बाँड याच दरवाढीत ७४.७३ वरून ६८.०६ वर येतो, म्हणजे सुमारे ८.९ टक्के पडतो. आपला ८ टक्के पडला होता. कूपन नसलेल्याचा सगळा पैसा शेवटच्या दिवशी येतो, मधे काही हाती पडत नाही.

लांब मुदत आणि किरकोळ कूपन एकत्र आले की काय होतं याचं ठळक उदाहरण म्हणजे ऑस्ट्रिया सरकारचा २०२० मधला शंभर वर्षांचा बाँड. कूपन फक्त ०.८५ टक्के, मुदतपूर्ती २१२० मध्ये. त्याची ९८ वर्षं उरलेली असताना बाजाराचा दर २.५ टक्के धरून आपल्याच पद्धतीने हिशोब करा. वर्षाची तूट फक्त १.६५, पण ती ९८ वर्षं चालणार. भाव येतो साधारण ४०. सरकार पैसे बुडवेल अशी शंकाही नसताना शंभराचे चाळीस.

सावधान: ‘सुरक्षित बाँड’ हे शब्द ऐकले की कोणत्या धोक्यापासून सुरक्षित असं विचारा. कर्जदार पैसे देईल का हा एक प्रश्न, मधल्या काळात भाव किती हलेल हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चांगलं असलं म्हणून दुसऱ्याचं चांगलं असतं असं नाही.

इथेच एक झटपट पद्धत सांगतो. बाँडच्या किंवा बाँड फंडाच्या माहितीपत्रकात मॉडिफाइड ड्युरेशन नावाचा आकडा असतो. दर एक टक्का हलला तर भाव साधारण किती टक्के हलेल, ते तो सांगतो. आपल्या बाँडसाठी, दर ६ असताना, तो ४.२१ आहे. दोन टक्क्यांना ८.४२. तिसऱ्या पायरीत जुन्या दराने भागल्यावर आलेला चुकीचा आकडा हाच होता. ड्युरेशनचा अंदाज जुन्या दरापाशी उभं राहून केलेला असतो, म्हणून मोठ्या दरवाढीत तो पडझड थोडी वाढवून सांगतो. अर्ध्यापाऊण टक्क्याच्या बदलाला तो चालतो. दोन-तीन टक्क्यांना पूर्ण हिशोबच करा.

दर उतरले तर? ६ वरून ४ झाले तर गिऱ्हाईक उलट तुमच्या मागे लागेल, कारण शेजारचं घर आता ४ च देतंय. वर्षाला २ जास्त, ४ टक्क्यांनी भागून ८.९० होतात, म्हणून भाव १०८.९०. खाली येताना ७.९९ आणि वर जाताना ८.९०. भागायचा दर लहान झाला की दूरच्या रकमा आज मोठ्या दिसतात, हा फरक त्यातून येतो.

## पायरी ६: एक वर्ष पुढे जाऊन बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग घाबरून विकतात. दर ८ वरच थांबला आहे असं धरा. एक वर्ष गेलं, ६ चं कूपन मिळालं, आता चारच वर्षं उरली. तूट चारच वर्षांची राहिली, म्हणून सूटही कमी: ६.६२. भाव ९३.३८.

दर जराही उतरला नाही आणि तरी भाव सुमारे १.३६ नी वाढला. पुढच्या वर्षी तो ९४.८५ होईल, मग ९६.४३, मग ९८.१५, आणि शेवटी १००. करार संपत येतो तशी घराची किंमत आपोआप वर सरकते, तसंच हे.

आता ९२.०१ ला बाँड घेतलेल्या नव्या मालकाचं गणित बघा. वर्षात त्याला ६ कूपन मिळालं आणि भाव १.३६ च्या आसपास वाढला. एकूण ७.३६. याला ९२.०१ ने भागा: बरोबर ८ टक्के. शेजारच्या घराइतकंच. हिशोब नीट झाला की नाही याची याहून चांगली तपासणी मला माहीत नाही. तुमच्या आकड्यांनी नवा दर परत आला नाही तर कुठेतरी चूक आहे.

सावधान: स्टेटमेंटमधला भाव आणि हातात येणारे पैसे यांत एक फरक असतो. दोन कूपनांच्या मधे बाँड विकला, तर तोवर साचलेलं व्याज खरेदीदार वेगळं देतो. वार्षिक ६ चं कूपन असेल आणि अर्धं वर्ष झालं असेल तर ते ३ होतं. सांगितला जाणारा भाव बहुधा हे व्याज सोडून असतो. काही स्टेटमेंटमध्ये ते धरून मूल्य दाखवतात, आणि मग कूपन जमा झाल्याच्या दिवशी मूल्य अचानक घटल्यासारखं दिसतं. दरवाढीचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

## पायरी ७: विकायचं की ठेवायचं हे ठरवण्याआधी

इथे दोन्ही टोकांच्या चुका होतात.

पहिली चूक म्हणजे ‘भाव पडला, नुकसान झालं, आता विकून जास्त व्याजाच्या नव्या बाँडमध्ये जातो’. ९२.०१ ला विकून त्या पैशाचा ८ टक्क्यांचा नवा बाँड घेतला तर वर्षाला ७.३६ मिळतील. न विकता बसलात तरी वर्षाचं ६ चं कूपन आणि १.३६ ची भाववाढ मिळून ७.३६ च. कर आणि दलाली सोडली तर अदलाबदलीत कमाई काहीच नाही. ती धरली तर बहुधा थोडं नुकसानच. सूट भावात आधीच शिरलेली असते, पळून जाऊन ती परत मिळत नाही.

दुसरी चूक म्हणजे ‘मी मुदतीपर्यंत ठेवणार, म्हणून माझं काहीच गेलं नाही’. कर्जदाराने पैसे दिले तर १०० परत मिळणार, हे खरं. पण शेजारी ८ मिळत असताना पाच वर्षं ६ वर काढावी लागणार, हेही तितकंच खरं. ती तूट स्टेटमेंटमध्ये दिसत नाही, दर वर्षी दोन-दोन करून खिशातून जाते. ७.९९ चं नुकसान आज मान्य करा किंवा पाच हप्त्यांत सोसा, आजच्या पैशात आकडा एकच आहे.

मग ठेवण्याचा खरा फायदा कोणता? शेवटी मिळणारी रक्कम आधीपासून माहीत असते, आणि मधल्या कोणत्याही वाईट दिवशी विकावं लागत नाही. पण त्यासाठी एक अट आहे: पैसे मधे लागता कामा नयेत. २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत नेमकी हीच अट मोडली. व्याजदर शून्याजवळ असताना बँकेने लांब मुदतीचे, परतफेडीच्या दृष्टीने अत्यंत सुरक्षित असे रोखे मोठ्या प्रमाणावर घेतले होते. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दर झपाट्याने वाढवले आणि त्या रोख्यांचे भाव पडले. ठेवीदार पैसे काढत असताना बँकेला सुमारे २१ अब्ज डॉलरचे रोखे विकावे लागले आणि त्यात सुमारे १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाला. ८ मार्चला तो जाहीर झाल्यावर ठेवी काढायला झुंबड उडाली आणि १० मार्चला नियामकांनी बँक बंद केली. त्या रोख्यांच्या कर्जदारांपैकी कुणी पैसे बुडवले नव्हते. करार संपेपर्यंत थांबणं परवडत नसलेल्या मालकाला घर विकावं लागलं, तसाच हा प्रकार.

म्हणून ठरवण्याआधी दोन तारखा शेजारी लिहा: बाँडची मुदतपूर्ती आणि तुम्हाला पैसे लागण्याचा दिवस. पैसे चार वर्षांनी लागणार असतील आणि बाँड पाच वर्षांचा असेल, तर विकताना एकच वर्ष उरलेलं असेल. तेव्हा दर ८ असला तर भाव ९८.१५ असेल, म्हणजे धोका किरकोळ. तोच बाँड तीस वर्षांचा असेल तर चौथ्या वर्षी अजून सव्वीस वर्षांची तूट शिल्लक असते, आणि त्या दिवशीचा दर जे ठरवेल त्या भावाला विकावं लागेल.

बाँड फंडात पैसे असतील तर यातली पहिली तारीख सापडणार नाही. ठरावीक मुदतीचे फंड सोडले तर फंडाला मुदतपूर्ती नसते, जुने रोखे संपतात तसे व्यवस्थापक नवे घेत राहतो. सहाव्या पायरीतलं भावाचं १०० कडे सरकणं फंडातल्या प्रत्येक रोख्याला लागू आहे, पण फंडाचं मूल्य अमुक दिवशी मूळ रकमेवर येईल अशी तारीख कुठेच लिहिलेली नसते. तिथे मुदतपूर्तीच्या जागी पाचव्या पायरीतला ड्युरेशनचा आकडा लिहा आणि पैसे लागायला किती वर्षं आहेत त्याच्याशी ताडून बघा.